दोनशे वीस ओळींचा थर

साहेबांनी आकडा वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. आठ हजार सहाशे चाळीस. इतक्या ओळी जुळत नव्हत्या.

आमचा अ‍ॅम्ब्युलन्सचा नियंत्रण कक्ष. कोणी फोन केला की टेबलावरचा माणूस पत्ता घेतो, गाडीला आदेश देतो आणि बटण दाबतो, तेव्हा एक वेळ नोंदली जाते. तोच आदेश गाडीतल्या यंत्रावर पोचला की यंत्रही स्वतःच्या घड्याळाप्रमाणे वेळ नोंदतं. दोन्ही वेळा जवळपास सारख्याच असायला हव्यात. आता सगळं जुनं रेकॉर्ड नव्या सिस्टीमवर न्यायचं होतं, आणि नव्या सिस्टीममध्ये आदेशाच्या वेळेला एकच रकाना होता.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "जिथे जुळत नाही तिथे यंत्राची वेळ घ्यायची. टेबलाची पुसायची. एका दुपारचं काम."

"आणि यंत्र चुकलं असेल तर?"

"यंत्र कशाला चुकेल? माणूस चुकतो. दोन फोन एकदम वाजले की बटण दाबायचं राहतं, मग मागाहून अंदाजपंचे वेळ टाकतो. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

हे शेवटचं वाक्य टोचायला होतं, आणि टोचलं. माझा दादा याच कक्षात टेबलावर होता. सहा वर्षांपूर्वी दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी एका एकट्या राहणाऱ्या बाईंचा फोन आला, श्वास घेता येत नव्हता म्हणून. दादाच्या नोंदीत आदेशाची वेळ होती दोन चौदा. यंत्राच्या नोंदीत दोन पंचवीस. बाई गाडीतच गेल्या. चौकशीत यंत्र खरं ठरलं आणि अकरा मिनिटांचा उशीर दादाच्या नावावर लागला. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. राजीनामा दिला आणि एका वह्यांच्या दुकानात गठ्ठे बांधायला लागला. तेव्हापासून घरात फोन वाजला की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. वहिनीने आता सगळ्यांचे फोन मुके करून ठेवलेत.

म्हणजे त्या एका दुपारच्या कामात दादाचं 'दोन चौदा' जगातून पुसलं जाणार होतं. त्याच्या बाजूने बोलणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

"आधी नमुना तपासू या," मी म्हणाले. "हाताने. किती टक्के ओळींत यंत्र चुकतंय ते कळू दे, मग काय पुसायचं ते पुसा."

साहेबांनी चष्मा काढला. "हे भावासाठी चाललंय."

"चाललं असेल. म्हणून तर ओळी मी निवडणार नाही. सिस्टर निवडतील, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, काँप्युटरवर. मी बघणारसुद्धा नाही."

त्यांनी तीन आठवडे दिले. देताना असा चेहरा केला, जसं काही स्वतःच्या रजेतले कापून दिले.

सिस्टर म्हणजे तीस वर्षं वॉर्डात काढून आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या बाई. गालात कायम एक लवंग. मी त्यांना सांगितलं की सरसकट चिठ्ठ्या टाकून चालणार नाही, थर पाडायला हवेत. एक मिनिटाच्या आतला फरक असलेल्या ओळी सहा हजार नऊशे होत्या. एक ते पाच मिनिटांच्या पंधराशे वीस. आणि पाच मिनिटांच्या वरच्या फक्त दोनशे वीस.

"सगळ्यांतून मिळून दोनशे साठ उचलल्या," मी म्हणाले, "तर त्या मोठ्या फरकाच्या सहा-सात हाताला लागतील. सहा-सातांवरून काय कळणार?"

"वॉर्डात ताप सगळ्यांचा बघायचा, पण अत्यवस्थ खाटेपाशी जास्त थांबायचं," सिस्टर म्हणाल्या. "कळलं मला. पुढे बोल."

पहिल्या थरातून शंभर, दुसऱ्यातून शंभर, तिसऱ्यातून साठ. शेवटी हिशोब करताना प्रत्येक थराला त्याच्या आकाराएवढं वजन द्यायचं. खरी वेळ ठरवायची ती फोनच्या रेकॉर्डिंगवरून, कारण रेकॉर्डिंगचं घड्याळ टेलिफोनच्या लाइनवर चालतं, ते ना टेबलाचं ना गाडीचं. पाठीमागे वायरलेसवर ड्रायव्हरचं "निघालो" ऐकू आलं तर प्रश्नच मिटला. नाहीतर फोन चालू असताना गाडी दारात पोचल्याचा आवाज शोधायचा आणि तिथून प्रवासाची मिनिटं मागे मोजायची. यंत्राचं घड्याळ पुढे गेलेलं असलं तरी प्रवासाला किती मिनिटं लागली ते त्याच्याकडून बरोबर मिळतं, कारण निघताना जेवढं पुढे तेवढंच पोचतानाही पुढे.

आम्हाला सामानाची खोली मिळाली. दोन खुर्च्या, दोन हेडफोन, भिंतीला आवाज शोषणारा फोम, तोही पोपडे आलेला, आणि दाराला एक काचेची पट्टी. पहिल्या दिवशी आम्ही वीस ओळी तपासल्या आणि संध्याकाळी मी त्या वीसच्या वीस फाडून टाकल्या. चूक माझी होती. ऐकण्याआधीच दोन्ही वेळा समोर दिसत होत्या, आणि जी वेळ खरी निघावी असं मनात होतं त्याच वेळेला मला "निघालो" ऐकू यायला लागलं होतं. मग दोन्ही वेळांवर आणि टेबलवाल्याच्या नावावर पट्टी चिकटवली. आधी ऐकायचं, काय ऐकलं ते लिहायचं, मग पट्टी काढायची. प्रत्येक ओळ दोघींनी स्वतंत्र ऐकायची. निकालाचे शेरे तीन: टेबल बरोबर, यंत्र बरोबर, सांगता येत नाही. 'सांगता येत नाही' लिहायला लाजायचं नाही, हे सिस्टरनी मला दोनदा बजावलं.

आवाजांबद्दल मला कोणी बजावलं नव्हतं.

कागदावर ती ओळ असते. कानात ती माणसं असतात. एक माणूस बायकोचं वय सांगताना अडखळतो आणि तिलाच विचारतो, अगं किती गं तू? ती उत्तर देत नाही. एक मुलगी पत्ता अगदी नीट सांगते, पिनकोडसकट, आणि मग म्हणते, घाई नाही आता. दिवसाला पंचवीस-तीस. चौथ्या दिवसापासून ती माणसं माझ्याबरोबर घरी यायला लागली. दूध तापायची वाट बघत उभी असायचे आणि गॅसच्या आवाजात कोणीतरी पत्ता सांगायचं. बसस्टॉपवर शेजारची बाई फोनवर "लवकर या" म्हणाली आणि मी नकळत मनगटावर घड्याळ बघितलं. मला भीती वाटत होती. भुताखेतांची नाही. भीती ही की या सगळ्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता, 'निघाली का गाडी?', आणि त्याचं उत्तर ठरवायचं काम आता, इतक्या वर्षांनी, माझ्याकडे आलं होतं.

"तुमच्या डोक्यात राहत नाहीत का?" मी सिस्टरना विचारलं.

"राहतात की. मी त्यांना बसायला जागा देते. उभं ठेवलं की त्रास देतात."

दुसऱ्या आठवड्यात एकदा सिस्टर जेवायला गेल्या आणि मी एकटी होते. तिसऱ्या थराची साठ ओळींची यादी समोर होती. दादाची ओळ तिच्यात नव्हती. तारखा झाकलेल्या नव्हत्या, म्हणून कळलं. दोनशे वीसमधून साठ, म्हणजे लागण्यापेक्षा न लागण्याचीच शक्यता जास्त. हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. तरी मी यादी पुन्हा वरून खाली वाचली. एक ओळ काढून एक घालायची, कोणाच्या बापाला कळलं नसतं. हात माउसवर होता. पण ती एक ओळ आत ढकलली की उरलेल्या एकोणसाठांनाही मीच निवडल्यासारखं झालं असतं, आणि साहेब म्हणाले होते ते खरं झालं असतं. मी हात काढून मांडीखाली घेतला, अक्षरशः, आणि सिस्टर येईपर्यंत तशीच बसले.

तीन आठवड्यांनी हिशोब झाला. आमच्या दोघींचे एकोणीस ओळींत मतभेद होते, त्या परत एकत्र ऐकल्या. पहिल्या थरात शंभरात तीन ठिकाणी यंत्र चुकलं होतं. दुसऱ्यात अकरा. तिसऱ्यात साठपैकी एक्केचाळीस. चौदा ठिकाणी यंत्र बरोबर, पाच सांगता येत नाहीत.

साहेबांनी वजनं लावून आलेला शेवटचा आकडा तेवढा बघितला. "एकूण सहा टक्के चूक. म्हणजे चौऱ्याण्णव टक्के आपण बरोबर! मग अडलंय कुठे?"

"सहा टक्के सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत, साहेब. तिसऱ्या थरात अडुसष्ट टक्के आहेत, दहा इकडे, दहा तिकडे. त्या दोनशे वीसमधल्या दीडशेच्या आसपास खऱ्या वेळा तुम्ही पुसून खोट्या लिहिणार. आणि चौकशा झाल्यात त्या याच थरातल्या ओळींवर. एका मिनिटाच्या फरकावर कोणी कोणाला घरी पाठवत नाही."

मग मी दुसरा कागद ठेवला. त्या एक्केचाळीसपैकी अडतीस गाड्या आदल्या एक-दोन दिवसांतच वर्कशॉपमधून बॅटरी बदलून आलेल्या होत्या. बॅटरी काढली की यंत्राचं घड्याळ भरकटतं, आणि उपग्रहाचा सिग्नल मिळून ते जाग्यावर येईपर्यंत भलतीच वेळ नोंदतं.

साहेब वाईट माणूस नाहीत. घाईचे आहेत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि ते म्हणाले, "पहिल्या थराला यंत्राची वेळ लावा. दुसऱ्याला खूण करून ठेवा. टेबलाची वेळ कुठेच पुसू नका, वेगळा रकाना मागून घेतो मी. आणि तिसरा थर पूर्ण हाताने तपासा. उरलेल्या एकशे साठ."

त्या एकशे साठात दादा होता.

अडुसष्ट टक्के. घरी जाताना मी तो आकडा खिशात हात घालून चाचपल्यासारखा चाचपत होते. शंभरातल्या अडुसष्टांना न्याय मिळणार. पण दादा शंभर जण नव्हता, एकच होता, आणि एका ओळीबद्दल टक्केवारी काहीच सांगत नाही.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी हेडफोन घातला आणि कानात दादा म्हणाला, "नियंत्रण कक्ष, बोला."

सहा वर्षांनी तरुण. हा आवाज घरातून कधी गेला ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मी थांबवलं. चार सेकंद झाली होती.

"सिस्टर, ही तुम्ही घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हेडफोन चढवला. मी बाहेर गेले. काचेच्या पट्टीतून त्यांचा चेहरा दिसत होता. काय ऐकायचं ते मला पाठ होतं. चौकशीच्या फायलीत संभाषणाची टाइप केलेली प्रत तिसऱ्या मिनिटाला संपते, कारण तिसऱ्या मिनिटानंतर त्या बाई बोलल्या नाहीत. फोन मात्र चालूच होता. पुढचं कोणी ऐकलं नव्हतं, टाइप करण्यासारखं काही नसेल असं धरून. गाडीला प्रवासाला आठ मिनिटं लागली होती. दादाने दोन चौदाला आदेश दिला असेल, तर दहाव्या मिनिटाला त्या घरात दारावरची बेल वाजायला हवी. दोन पंचवीसला दिला असेल, तर एकविसाव्या.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. सात मिनिटं. आठ. सिस्टरच्या गालातली लवंग हलायची थांबली होती. नऊ. दहाच्या जरा आधी त्यांनी पेन्सिल उचलली आणि काहीतरी लिहिलं.

मला वाटलं आता हेडफोन काढतील. काढला नाही. आणखी चार-पाच मिनिटं त्या तशाच बसल्या, डोळे मिटून. मग पट्टी काढली, कागद पूर्ण केला, दार उघडलं.

'बेल ९ मि. ५० से. टेबल बरोबर.'

मी तिथेच, सामानाच्या खोलीच्या दारात, भोकाड पसरलं. पॅसेजमधून चहाचे कप घेऊन जाणारा शिपाई जागच्या जागी थिजला. सिस्टरनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण त्या हसत नव्हत्या.

"घरी जा आज," त्या म्हणाल्या. "सांग त्याला. पण सांगून झालं की गप्प बस, त्याला बोलू दे."

दादा दुकानातून दुपारी जेवायला येतो. वहिनी कामावर होती. तो पान वाढून घेत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. थर, बॅटऱ्या, बेल.

त्याने भाताचं झाकण परत ठेवलं. "माहितीय मला," तो म्हणाला.

"काय माहितीय?"

"गाडी वेळेत गेली होती. मीच पाठवली होती की."

"मग चौकशीत तोंड का शिवलं होतंस?"

तो खाली बसला. "बेल वाजली ती मीपण ऐकली. मग दार ठोकायला लागले. दाराला आतून कडी होती. चार मिनिटं ठोकत होते, मग फोडलं." त्याने पान बाजूला सरकवलं. "पत्ता विचारायचा, त्रास विचारायचा, आणि उठता येत असेल तोवर कडी काढून ठेवायला सांगायचं. पहिल्या दिवशी शिकवतात गं. सुरुवातीला त्या चांगल्या बोलत होत्या, उठू शकल्या असत्या. माझं राहिलं."

"दादा..."

"चौकशीत मी चार मिनिटं घेऊन गेलो होतो सांगायला. त्यांनी विचारलंच नाही. त्यांच्याकडे अकरा होती. म्हटलं, द्या. माझ्या तोंडून ती चार निघाली नसती, आयती अकरा मिळाली."

मला त्याची कीव यायला हवी होती. आला तो राग. "तू गप्प बसलास म्हणून ते घड्याळ खरं ठरलं! तुझ्यानंतर आणखी दोघांना त्याच घड्याळावर घरी पाठवलं. त्यांची काही कडी राहिली नव्हती. आम्हीच ऐकल्या त्यांच्या ओळी. वेळेत होते दोघंही."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं, पण ते खरं होतं.

त्याने विचारलं, "ओळीपुढे काय लिहिलंत?"

"टेबल बरोबर."

"तेवढंच?"

"वेळेचाच तक्ता आहे तो."

"शेऱ्याला जागा असेल ना. कडीचं लिही. कोणी कधी वाचलं तर सगळं वाचू दे." आणि मग, "त्या दोघांचे पत्ते आहेत का तुझ्याकडे?"

"काढून देते," मी म्हणाले. तो जेवला नाही. भात तसाच झाकून दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरकडे तो कागद मागितला. "तुम्ही ऐकलं होतंत ना सगळं?"

"ऐकलं. विचारलं ते वेळेचं होतं, ते लिहिलं. बाकीचं त्याचं होतं."

"त्यानेच लिहायला सांगितलंय."

पण आमचा नियम होता, स्वतः ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. सिस्टर बाहेर गेल्या आणि मी हेडफोन घातला.

पहिली तीन मिनिटं फायलीत होतं तसंच. मग खोली. कुठेतरी नळ ठिबकत होता. श्वास, लांबून, घासल्यासारखा. आणि दादा. फायलीत हे कुठेच नव्हतं. तो बोलतच होता, थांबून थांबून. "मावशी, मी आहे हं. फोन ठेवलेला नाही मी. गाडी येतेय. आहे मी." नवव्या मिनिटापर्यंत. मग बेल. दादाचा आवाज एकदम हलका झाला, "आले बघा, मावशी." मग ठोकणं. आणि मग काही सेकंद तो काहीच बोलला नाही. त्याला तेव्हा आठवलं असणार.

"मावशी," तो म्हणाला, अगदी हळू. "कडी काढता येईल का हो?"

मला वाटलं यानंतर फक्त ठोकणं असेल. पण खोलीत काहीतरी जमिनीवरून सरकलं. थांबलं. परत सरकलं. दोन मिनिटं, दाराच्या दिशेने, थोडं थोडं. मग ते थांबलं ते परत सुरू झालं नाही, आणि दादा "नको, नको, राहू दे मावशी, पडून राहा" म्हणत होता.

मी शेवटपर्यंत ऐकलं. मग कागद पुढे ओढला आणि शेऱ्याच्या जागेत लिहिलं: कडीबद्दल आधी विचारलं नाही. १० मि. २० से. ला विचारलं. बाईंना ऐकू येत होतं.